पिन चुकला, कार्ड थांबले : आधी काय पाहायचे



आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आपले डेबिट कार्ड एखाद्या दिवशी अचानक चालेनासे होते. एटीएम पैसे देत नाही, दुकानातले यंत्र नकार देते आणि आपण म्हणतो, "कार्ड ब्लॉक झालं." शाखेत माझ्यासमोर बसणारे ग्राहकही हेच शब्द वापरतात. पण या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. कोणती गोष्ट घडली आहे हे न ओळखता उपाय केला, तर साधी अडचण मोठी होते. ती कशी होते हे आमच्या शाखेतल्या एका ग्राहकाच्या उदाहरणावरून सांगते.

आमची शाखा बडोद्यात आहे. तिथल्या एक मराठी ताई घरगुती डबे पुरवतात. रोजचा भाजीपाला, दूध, किराणा यांचे पैसे त्या मोबाइलवरून यूपीआयने देतात, त्यामुळे कार्ड महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. महिन्याच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी त्यांना सहा हजार रुपये रोख हवे होते. चौथा शनिवार म्हणजे बँक बंद. त्या एटीएमवर गेल्या, कार्ड घातले, पिन दाबला. चुकीचा पिन. पुन्हा तोच दाबला. पुन्हा चुकीचा. त्यांना वाटले यंत्रच बिघडले असेल, म्हणून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर जाऊन तोच पिन तिसऱ्यांदा दाबला. तिथेही नकार.

मग त्यांच्या लक्षात आले, की आपण तिन्ही वेळा यूपीआयचा पिन दाबत होतो. तो रोज हाताखालचा, त्यामुळे बोटे आपोआप त्याच आकड्यांवर गेली. त्यांनी कार्डाचा बरोबर पिन आठवून चौथ्यांदा दाबला. तरीही नकार आला.

इथे थोडे थांबू या. बरोबर पिन दाबूनही यंत्राने नकार का दिला, हे कळले की पुढचा सगळा घोळ टाळता येतो.

पिन तपासतो कोण?

पुष्कळांना वाटते की पिन कार्डावरच्या चिपमध्ये किंवा मागच्या काळ्या पट्टीवर लिहिलेला असतो आणि एटीएम तो वाचून पडताळते. आपल्याकडे व्यवहार तसा होत नाही. आपण आकडे दाबतो तेव्हा ते एटीएमच्या बटणांच्या पाटीतच सांकेतिक रूपात बदलले जातात. त्या रूपात ते आपल्या बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातात. तिथे एका बंदिस्त, सुरक्षित उपकरणात पडताळणी होते आणि "बरोबर" किंवा "चूक" एवढेच उत्तर परत येते. शाखेतल्या कोणालाही तुमचा पिन दिसत नाही. "मॅडम, माझा जुना पिन काय होता तेवढं बघून सांगा," असे कोणी म्हणाले तर मी सांगू शकत नाही. मला तो दिसतच नाही.

चुकीच्या प्रयत्नांची मोजणीही तुमच्या बँकेच्या यंत्रणेतच होते, एटीएममध्ये नाही. म्हणून एटीएम बदलले तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. एक चूक आपल्या बँकेच्या एटीएमवर, दुसरी पेट्रोल पंपावर आणि तिसरी किराणा दुकानात झाली, तरी बँकेच्या लेखी त्या तीन चुकाच. मध्ये एकदा बरोबर पिन दाबला गेला, तर साधारणपणे मोजणी पुन्हा शून्यावर येते.

बहुतेक बँकांत तीन चुकांनंतर पिनला कुलूप लागते. कुलूप लागले की पुढचा पिन बरोबर आहे की चूक, याने निकाल बदलत नाही, नकारच येतो. ताईंच्या चौथ्या प्रयत्नाचे हेच झाले. दारच बंद होते, मग किल्ली बरोबर असून काय उपयोग?

तीनच संधी कशासाठी?

चार आकडी पिनच्या एकूण जोड्या दहा हजार होतात, ०००० पासून ९९९९ पर्यंत. समजा कुलूप नसते आणि चोराने दर मिनिटाला एक अंदाज लावला असता, तर दहा हजार मिनिटांत, म्हणजे जेमतेम सात दिवसांत, त्याने सगळे अंदाज संपवले असते. तीन संधींच्या मर्यादेमुळे त्याच्या वाट्याला दहा हजारांतले तीनच अंदाज येतात. चार आकड्यांसारखी छोटी गोष्ट पैशाचे रक्षण करू शकते, ती या कुलपामुळे.

पण हे गणित पिन खरोखर मनातला असेल तरच खरे ठरते. पिन म्हणून जन्मसाल ठेवले असेल आणि त्याच पाकिटात आधार कार्डही असेल, तर चोराला पहिलाच अंदाज पुरतो. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा १२३४ यांचेही तसेच. असा पिन असेल तर घरी गेल्यावर तो आधी बदला.

कुलूप किती वेळ राहते हे बँकेनुसार वेगळे असते. काही बँकांत चोवीस तासांनी आपोआप उघडते, काही ठिकाणी तारीख बदलली की रात्री बारानंतर उघडते, तर काही ठिकाणी नवा पिन तयार करावा लागतो. तुमच्या बँकेचा नियम एकदा शाखेत विचारून घ्या आणि पासबुकात लिहून ठेवा. पिन मात्र लिहू नका.

चुकीच्या पिनमुळे फसलेला प्रयत्न महिन्याच्या मोफत एटीएम व्यवहारांत मोजता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये बँकांना तसे स्पष्ट सांगितले आहे. खात्यात शिल्लक नसताना पैसे काढायचा प्रयत्न केला, तर मात्र काही बँका शुल्क लावतात. म्हणजे शिल्लक किती हे आधी पाहिलेले बरे.

तीन वेगवेगळी "ब्लॉक"

आता ताईंकडे परत येऊ. त्यांनी घरी येऊन कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. इथवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. फोनवर ध्वनिमुद्रित आवाज एकेक पर्याय सांगू लागला. कार्ड ब्लॉक करण्याचा पर्याय आला तेव्हा त्यांना वाटले, आपले कार्ड ब्लॉक झाले आहे म्हणजे हेच बटण. त्यांनी ते दाबले, पुढच्या प्रश्नालाही होकार दिला. थोड्या वेळाने संदेश आला, की तुमचे कार्ड कायमचे बंद करण्यात आले आहे.

सोमवारी त्या शाखेत आल्या. "मॅडम, कार्ड ब्लॉक झालंय, तेवढं उघडून द्या," म्हणाल्या. मी पाहिले तेव्हा कळले, की आता उघडायला काही उरलेच नव्हते. फोन केला नसता तर रविवारी संध्याकाळी तेच कार्ड आपोआप चालू झाले असते. आमच्या बँकेत पिनचे कुलूप चोवीस तासांचे आहे.

म्हणून ही तीन "ब्लॉक" नीट वेगळी ओळखा.

पहिले पिनचे कुलूप. ते चुकीच्या प्रयत्नांमुळे लागते. ते तात्पुरते असते आणि कार्ड तेच राहते. उपाय म्हणजे वाट पाहणे, किंवा पिन खरोखर विसरला असेल तर बँकेच्या मोबाइल अॅपवरून, नेट बँकिंगवरून किंवा आपल्या बँकेच्या एटीएमवर ओटीपी घेऊन नवा पिन तयार करणे. काही बँकांत नवा पिन केला तरी कुलपाची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. नवा पिन लगेच चालला नाही तर तो पुन्हा पुन्हा दाबत बसू नका.

दुसरे म्हणजे आपणच बंद ठेवलेले बटण. ऑनलाइन व्यवहार, टेकवून पैसे देणे, परदेशी व्यवहार यांची बटणे आपल्या हातात असतात. त्यातले एखादे बंद असेल किंवा त्याची मर्यादा संपली असेल, तर फक्त त्या प्रकारचा व्यवहार अडतो. उपाय म्हणजे ते बटण चालू करणे किंवा मर्यादा वाढवणे.

तिसरे म्हणजे कार्ड कायमचे बंद करणे. बँकेच्या भाषेत याला हॉटलिस्ट करणे म्हणतात. कार्ड हरवले, चोरीला गेले किंवा त्याची माहिती कोणाच्या हाती लागली, तर हे करायचे. एकदा केले की ते कार्ड पुन्हा चालू होत नाही. नवे कार्ड नव्या क्रमांकाने येते.

इथे एक बारकावा आहे आणि तो उलट बाजूने महत्त्वाचा आहे. पाकीट हरवल्यावर काही जण म्हणतात, "चोराने तीनदा चुकीचा पिन दाबला की कार्ड आपोआप बंद पडेल. घाई कशाला?" हा हिशेब चुकीचा आहे. पिनचे कुलूप राखते ते पिन लागणारे व्यवहार. यंत्राला कार्ड टेकवून केलेल्या छोट्या रकमेच्या व्यवहाराला पिन लागतच नाही. म्हणून कुलूप लागलेल्या कार्डावरही असा व्यवहार होऊ शकतो, हे धरूनच चालावे. सूत्र साधे आहे. कार्ड हातात आहे आणि पिन चुकला आहे, तर थांबा. कार्ड हातात नाही, तर एक मिनिटही न थांबता ते बंद करा.

ताईंना त्या शनिवारी रोख रक्कम मिळाली असती का? मिळाली असती. यूपीआय चालू असेल तर काही एटीएमवर कार्डाशिवाय पैसे काढण्याचा पर्याय असतो. पडद्यावर UPI Cash Withdrawal असे दिसते. रक्कम निवडायची, पडद्यावर येणारा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा आणि यूपीआयचा पिन मोबाइलवर टाकायचा. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. कार्डाचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगळे असल्यामुळे एकाला कुलूप लागले तरी दुसरा चालू राहतो.

नवे कार्ड आले, तरी अडले

आठ दिवसांनी ताईंचे नवे कार्ड टपालाने आले. त्यांनी एटीएमवर पिन तयार केला, पैसे काढून पाहिले, मिळाले. दुसऱ्या दिवशी घाऊक बाजारात कार्ड यंत्राला टेकवले, तर नकार. रात्री ऑनलाइन वीजबिल भरायला गेल्या, तिथेही नकार. त्या पुन्हा शाखेत आल्या. "मॅडम, हे कार्डसुद्धा ब्लॉक झालंय!"

कार्ड ब्लॉक झालेले नव्हते. ते नियमाप्रमाणेच आले होते. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेले परिपत्रक १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. त्यानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रात घालून वापरण्यापुरतेच चालू असते. ऑनलाइन, टेकवून केलेले आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात. जुन्या कार्डावर जे व्यवहार कधीच झाले नव्हते, तेही याच नियमाने बंद केले गेले. ही बटणे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेने दिवसरात्र द्यायची असते. त्यात बदल झाला की ग्राहकाला संदेशही यायला हवा. तुम्ही काही केले नसताना असा संदेश आला, तर लगेच बँकेला कळवा.

बँकेच्या अॅपमध्ये Cards किंवा Manage Card अशा नावाच्या भागात ही बटणे सापडतात. आत Domestic आणि International असे दोन भाग असतात. प्रत्येक भागात एटीएम, दुकानातले यंत्र म्हणजे POS, ऑनलाइन म्हणजे E-commerce आणि टेकवून देणे म्हणजे Contactless, अशा ओळी दिसतात. प्रत्येक ओळीपुढे एक बटण आणि रकमेची जागा असते. स्मार्टफोन नसेल तर हेच काम नेट बँकिंग, एटीएम किंवा बँकेचा फोन यांवरूनही करता येते. कुठल्या मार्गाने करायचे ते शाखेत विचारा.

बँक व्यवहार कसा तपासते?

कार्ड टेकवले किंवा घातले, की दुकानातल्या यंत्राकडून बँकेला एक छोटा निरोप जातो. कार्ड क्रमांक, रक्कम, कार्ड घातले की टेकवले की ऑनलाइन वापरले, आणि दुकानदार कोणत्या देशातला, हे सगळे त्यात असते. बँक त्यावर एकामागून एक प्रश्न विचारते. कार्ड चालू आहे का? पिन लागणार असेल तर तो बरोबर आहे का? या प्रकारच्या व्यवहाराचे बटण चालू आहे का? रक्कम एका व्यवहाराच्या आणि दिवसाच्या मर्यादेत आहे का? खात्यात तेवढी शिल्लक आहे का? प्रश्नांचा क्रम बँकेनुसार बदलू शकतो, पण सगळ्यांची उत्तरे होकारार्थी आली तरच पैसे जातात. एक नकार आला तरी व्यवहार थांबतो.

ताईंच्या नव्या कार्डाचाच एक दिवस घेऊन पाहू. आम्ही दोघींनी बसून मर्यादा अशा ठरवल्या. एटीएम दिवसाला २५,००० रुपये, दुकान ५०,०००, ऑनलाइन २०,०००, टेकवून एका वेळी २,००० आणि परदेशी व्यवहार बंद. समजा सकाळी खात्यात ६०,००० रुपये आहेत.

सकाळी एटीएममधून १०,००० काढले. पैसे मिळाले. एटीएमच्या मर्यादेतले १५,००० उरले, खात्यात ५०,०००.

औषधाच्या दुकानात ६४० रुपयांसाठी कार्ड टेकवले. पिन न विचारता पैसे गेले. खात्यात ४९,३६०.

किराणा दुकानात २,३५० रुपयांसाठी कार्ड टेकवले. इथे टेकवून पैसे गेले नाहीत. देशभरात पिनशिवाय टेकवून एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम देता येते. ही मर्यादा पूर्वी २,००० होती, १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. मग २,३५० ला नकार का? कारण ५,००० हा वरचा कठडा आहे. त्याच्या आत ताईंनी स्वतःची २,००० ची रेघ ओढली होती, आणि आतली रेघ आधी लागते. अशा वेळी काही बँकांची यंत्रणा नकार देते, तर काहींची पिन मागते. ताईंनी कार्ड यंत्रात घालून पिन दाबला, पैसे गेले. खात्यात ४७,०१०.

दुपारी रेल्वेच्या तिकिटांचे ३,२०० रुपये ऑनलाइन भरले. ओटीपी आला, तो टाकला, पैसे गेले. खात्यात ४३,८१०.

मग मुलाने मोबाइलवरच्या एका अॅपची वर्गणी म्हणून ४९९ रुपये भरून पाहिले. नकार. रक्कम छोटी होती, ऑनलाइनचे बटण चालू होते, किंमतही रुपयांत दिसत होती. तरी नकार आला, कारण त्या अॅपची कंपनी पैसे परदेशातून वसूल करत होती. व्यवहार देशी की परदेशी हे तुम्ही कुठे बसला आहात यावरून ठरत नाही, किंमत कोणत्या चलनात लिहिली आहे यावरूनही नाही. दुकानदाराचे खाते कोणत्या देशात नोंदलेले आहे यावरून ते ठरते. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी विचारला जाईलच असे आपण धरून चालू शकत नाही. तिथे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा तीन आकडी क्रमांक एवढ्यावरही पैसे गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून गरज नसताना परदेशी ऑनलाइनचे बटण बंद ठेवणे हे छोट्या बचतदारासाठी सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. मुलीकडे दुबईला जायचे असेल तर जाण्याआधी चालू करा, परत आल्यावर बंद करा.

संध्याकाळी ताईंनी एटीएमवर २०,००० मागितले. खात्यात ४३,८१० आहेत, तरी नकार. सकाळी १०,००० काढल्यामुळे दिवसाच्या मर्यादेतले १५,००० च उरले होते. १५,००० मागितले असते तर ही मर्यादा आडवी आली नसती. एका वेळी किती नोटा द्यायच्या याचीही त्या त्या एटीएमची मर्यादा असते, म्हणून कधी कधी हीच रक्कम दोन वेळा मिळून काढावी लागते.

दिवसभरात तीन नकार आले आणि तिन्हींचे कारण वेगळे होते. एकाही वेळी कार्ड "ब्लॉक" झाले नव्हते.

नकाराचे कारण कसे ओळखायचे?

आधी यंत्रावरचा किंवा पावतीवरचा मजकूर वाचा. घाईत आपण तो वाचत नाही आणि दुकानदारही "नाही चालत" एवढेच म्हणतो. पुष्कळ यंत्रांवर मजकुराबरोबर दोन आकडी संकेतही येतो. 55 म्हणजे पिन चुकला. 75 म्हणजे चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपली, पिनला कुलूप लागले. 51 म्हणजे शिल्लक कमी. 61 म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. 57 म्हणजे या प्रकारचा व्यवहार या कार्डावर चालू नाही. सगळीच यंत्रे संकेत दाखवत नाहीत, कधी नुसते Declined एवढेच दिसते. तेव्हा मोबाइलवर बँकेचा संदेश आला आहे का ते पाहा. पुष्कळ वेळा कारण त्यातच असते.

55 दिसले की तिथेच हात थांबवा. दोनदा चूक झाली असेल तर तिसरा अंदाज लावू नका. आपण यूपीआयचा पिन तर दाबत नाही ना, हे आधी स्वतःला विचारा. खात्री नसेल तर नवा पिन करा. शेवटची संधी शिल्लक ठेवली तर कुलूप लागत नाही.

घाबरलेल्या माणसाला फोन येतो तेव्हा

शेवटची गोष्ट सांगते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्ड चालत नाही म्हणून माणूस घाबरलेला असतो, तेव्हाच फसवणाऱ्यांचे फावते. कोणी इंटरनेटवर बँकेचा क्रमांक शोधतो आणि समोर भामट्याने टाकलेला क्रमांक येतो. कधी भामटाच फोन करतो, "तुमचे कार्ड ब्लॉक झाले आहे, चालू करायला पिन आणि ओटीपी सांगा."

आतापर्यंत जे पाहिले त्यावरून हा फोन ओळखता येतो. पिनचे कुलूप मुदत संपली की उघडते, किंवा तुम्ही स्वतः नवा पिन करता. मर्यादांची बटणे तुमच्या हातात आहेत. हॉटलिस्ट झालेले कार्ड कोणालाच उघडता येत नाही. म्हणजे तिन्ही "ब्लॉक"पैकी एकाही प्रकारात फोनवरच्या माणसाला पिन किंवा ओटीपी सांगण्याची गरज पडत नाही. जो मागतो तो बँकेचा नाही. बँकेचा खरा क्रमांक कार्डामागे आणि पासबुकावर छापलेला असतो. कार्ड हरवले तर तो क्रमांकही कार्डाबरोबरच जातो, म्हणून आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. पैसे गेलेच तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सरकारी मदतवाहिनीवर कळवा.

ताई आता महिन्यातून एकदा अॅप उघडून आपली बटणे पाहतात. परवा शाखेत आल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "मॅडम, परवा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दाबलाच नाही. घरी आले, नवा पिन केला."

तुम्हीही आज घरी गेल्यावर कार्ड हातात घ्या, अॅप उघडा आणि International च्या भागात काय चालू आहे ते पाहा. ज्याची गरज नाही ते बंद करा. टेकवून देण्याची मर्यादा तुमच्या रोजच्या खरेदीएवढीच ठेवा. अॅप नसेल तर कार्ड आणि पासबुक घेऊन शाखेत या, आपण समोर बसून पाहू.